रणगाड्यापुढे एका वेळी चाळीसच

नगरच्या रणगाडा संग्रहालयाला सहलीचं पत्र पाठवायचं काम आमच्या शाळेत माझ्याकडे असतं. पत्रात चारच गोष्टी लागतात: मुलं किती, पोचणार कधी, माहिती सांगणारा माणूस कधी हवा आणि डबे कधी खायचे. यातली एक चुकली की बाकीच्या तीन कोलमडतात.

संग्रहालय 1994 सालचं. बरेचसे रणगाडे उघड्यावर उभे आहेत. मोकळ्या जागेत मागच्या रांगांना आवाज पोचत नाही आणि तिथली मुलं पांगतात. म्हणून आठवीच्या ऐंशी मुलांसाठी मी पत्रात सरळ लिहिलं: चाळीस-चाळीसचे दोन गट, पहिल्याला साडेदहा, दुसऱ्याला सव्वाअकरा.

पोचायची वेळ पावणेदहा लिहिली. पारनेरहून निघालं की सुप्याजवळ पुणे रस्त्यावर मोठ्या गाड्यांची गर्दी लागते आणि वीस मिनिटं सहज जातात. बसमधून उतरल्यावर ऐंशी मुलांना स्वच्छतागृह आणि पाण्यासाठी आणखी वीस मिनिटं लागतात. शिल्लक वेळ ठेवायचा तो मार्गदर्शकाच्या आधी. त्यांच्याकडे आपल्यानंतर दुसरी शाळा थांबलेली असेल, तर आपल्याला झालेला उशीर आपल्याच वेळेतून कापला जातो.

पहिला गट ऐकत असताना दुसऱ्या गटाला काम द्यावं लागतं. एकेकानं एक रणगाडा निवडायचा, त्याचं चित्र काढायचं आणि एका बाजूची चाकं मोजायची. सहलीच्या दिवशी एका मुलीनं दोन रणगाड्यांची चाकं मोजली होती. तिच्या गटाची वेळ आल्यावर तिनं विचारलं, "सर, पॅटनला सहा आणि त्या एएमएक्सला पाचच का?" मग वजनाची गोष्ट निघाली. फ्रेंच एएमएक्स-13 साधारण पंधरा टनांचा, तर अमेरिकन पॅटन त्याच्या तिपटीहून जड. जास्त चाकांमुळे वजन पट्ट्याच्या अधिक लांबीवर वाटलं जातं. 1965च्या युद्धात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन ओल्या, पाणी सोडलेल्या शेतांत रुतले होते. तो प्रसंग मुलांना चाकांवरून कळला. आधी चित्र काढलेल्या गटाचे प्रश्न जास्त नेमके होते, म्हणून आता पहिल्या गटालाही पंधरा मिनिटं आधी वह्या देतो.

डब्याची वेळ बाराची, दोन्ही गटांना एकत्र. साडेअकराला एका गटाला जेवायला बसवलं, तर दुसऱ्याचं लक्ष डब्यांकडे जातं. शिवाय दुपारी लोखंड तापतं आणि मुलांचे हात तिकडेच जातात. डबे कुठे खायचे, हे मात्र आधी फोनवर विचारून घ्यावं. सकाळी हजेरी झाली की खरी संख्या कळवावी. पंधरा मुलं कमी आली असतील, तर गट नव्यानं पाडायचे ते बसमध्येच. फाटकाशी याद्या बदलायला लागलं की राखून ठेवलेला वेळ तिथेच संपतो.