द्विनोंद पद्धती

द्विनोंद पद्धती : प्रत्येक आर्थिक व्यवहाराची नोंद किमान दोन खात्यांत, एकात नावे व दुसऱ्यात जमा अशी, सारख्याच रकमेने करण्याची हिशेबपद्धती. उत्तर इटलीतील व्यापारी नगरांत ती विकसित झाली. जेनोआ येथील नगरशासनाच्या १३४० मधील हिशेबवह्यांत तिचे पूर्ण स्वरूप आढळते. लूका पाचोली या गणितज्ञाने व्हेनिस येथे १४९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गणितविषयक ग्रंथाच्या एका भागात तिचे विवेचन केले. तो तिचा जनक नव्हे. व्यापाऱ्यांमध्ये रूढ असलेली रीत त्याने सुसंगतपणे मांडली.

एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी कशासाठी, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. त्याचे उत्तर असे की, धंद्याकडे आलेली प्रत्येक वस्तू कोठून तरी आलेली असते. ती मालकाने दिलेली असेल, कोणाकडून उधारीवर घेतलेली असेल, दुसरी वस्तू देऊन मिळविलेली असेल किंवा धंद्याने कमावलेली असेल. काय आले हे एक खाते सांगते व ते कोठून आले हे दुसरे. एकच बाजू लिहिली, तर व्यवहाराचा अर्धा भागच कागदावर उतरतो.

या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. हिशेबापुरता धंदा हा त्याच्या मालकाहून निराळा मानला जातो. मालकाने धंद्यात घातलेली रक्कम धंदा त्याचे देणे लागतो. तिलाच भांडवल म्हणतात. त्यामुळे धंद्याजवळ जे जे आहे, त्यावर बाहेरच्या धनकोंचा किंवा मालकाचा हक्क असतोच. हा संबंध पुढीलप्रमाणे मांडतात :

मालमत्ता = बाहेरची देणी + मालकाचे भांडवल

हे समीकरण कोणत्याही व्यवहारानंतर खरे राहिले पाहिजे. त्यातील एकच आकडा बदलला, तर समतोल ढळतो; म्हणून प्रत्येक व्यवहारात निदान दोन आकडे बदलावे लागतात.

एका वह्या-पेन्सिलींच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. १ एप्रिल रोजी मालकाने १०,००० रु. घालून दुकान सुरू केले. दुकानाची रोकड तेवढ्याने वाढली आणि मालकाचे भांडवलही तेवढेच झाले. ३ एप्रिलला २,००० रु. रोख देऊन कपाट घेतले. येथे रोकड घटली व सामान वाढले. देणी व भांडवल यांना धक्का लागला नाही. ५ एप्रिलला घाऊक व्यापाऱ्याकडून ४,००० रुपयांचा माल उधारीवर आणला. पैशाची देवघेव झाली नाही, तरी माल वाढला आणि त्या व्यापाऱ्याचे देणेही वाढले.

१० एप्रिलचा व्यवहार थोडा निराळा आहे. त्या दिवशी २,५०० रु. खरेदी-किंमतीचा माल ३,२०० रुपयांना रोखीने विकला गेला. रोकड ३,२०० रुपयांनी वाढली, माल २,५०० रुपयांनी घटला व उरलेले ७०० रु. नफा झाला. हा नफा मालकाचा असल्याने तो त्याच्या हक्कात भर घालतो. येथे तीन खाती बदलली, परंतु दोन्ही बाजूंच्या रकमा समान राहिल्या. ‘द्विनोंद’ या शब्दातील ‘दोन’ म्हणजे खऱ्या अर्थाने दोन बाजू होत. खाती दोनहून अधिक असू शकतात. (व्यवहारात बहुतेक दुकानदार विक्रीची पूर्ण रक्कम विक्री खात्यात नोंदवितात आणि शिल्लक माल मोजून नफा वर्षअखेरीस काढतात, तत्त्व मात्र तेच.) १५ एप्रिलला घाऊक व्यापाऱ्याला १,५०० रु. दिले, रोकड व देणे दोन्ही घटली.

या बदलांची नोंद करण्यासाठी प्रत्येक खात्याला नावे व जमा अशा दोन बाजू असतात. मालमत्तेतील वाढ नावे व घट जमा लिहितात. देणी व भांडवल ही समीकरणाच्या दुसऱ्या अंगाला असल्याने त्यांच्याबाबत नियम उलटा होतो. त्यांतील वाढ जमा व घट नावे लिहितात. खर्चाने मालकाचा हक्क कमी होतो म्हणून खर्च नावे पडतो, उत्पन्नाने तो वाढतो म्हणून उत्पन्न जमा होते. पाश्चात्त्य पद्धतीत नावेची बाजू डावीकडे असते, तर देशी वहीखात्यात जमेची.

‘नावे’ म्हणजे वाईट आणि ‘जमा’ म्हणजे चांगले, हा समज चुकीचा आहे. बँकेत पैसे भरल्यावर पासबुकात ती रक्कम जमा दिसते, कारण पासबुक बँकेच्या वहीचा उतारा असते व बँकेच्या दृष्टीने खातेदार हा धनको होय. तीच रक्कम खातेदाराच्या स्वतःच्या वहीत बँकेच्या नावे पडते, कारण बँक त्याची ऋणको झालेली असते.

रोजकीर्दीतील नोंदी खतावणीत गेल्यानंतर प्रत्येक खात्याची बाकी काढून तेरीज तयार करतात. वरील दुकानाची १५ एप्रिलची तेरीज अशी :

| खाते | नावे (रु.) | जमा (रु.) |
|---|---|---|
| रोकड | ९,७०० | |
| कपाट | २,००० | |
| माल | १,५०० | |
| घाऊक व्यापारी | | २,५०० |
| भांडवल | | १०,००० |
| नफा | | ७०० |
| एकूण | १३,२०० | १३,२०० |

केवळ रोकडवही ठेवणाऱ्या दुकानदाराला १०,००० रुपयांचे ९,७०० झालेले दिसतील व ३०० रु. तोटा झाला असे वाटेल. वस्तुतः त्याला ७०० रु. नफा झालेला आहे. त्याची संपत्ती अंशतः कपाट व माल यांच्या रूपात आहे आणि त्यातील २,५०० रुपयांवर दुसऱ्याचा हक्क आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, त्या दुसऱ्या नोंदीमुळे.

दुसरी नोंद चुकाही उघड करते. १५ एप्रिलचे १,५०० रु. रोकड खात्यात लिहून व्यापाऱ्याच्या खात्यात लिहावयाचे राहिले, तर तेरजेत नेमका १,५०० रुपयांचा फरक पडतो. ते त्याच्या नावे पडण्याऐवजी जमा झाले, तर फरक दुप्पट, म्हणजे ३,००० रु. होतो, म्हणून फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधण्याची रीत आहे. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घेतात : ३,२०० ऐवजी २,३०० लिहिल्यास फरक ९०० येतो.

तथापि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे, असे नव्हे. संपूर्ण व्यवहारच नोंदवावयाचा राहिला, दोन्ही बाजूंना सारखीच चुकीची रक्कम लिहिली किंवा एका व्यापाऱ्याऐवजी दुसऱ्याच्या खात्यात नोंद झाली, तर दोन्ही बेरजा तरीही जुळतात. खोट्या पावतीची नोंददेखील दोन्ही बाजूंना नीट बसते. दोन बाजूंची समानता ही नोंदींच्या परस्परसंगतीची खूण आहे, त्यांच्या सत्यतेची नव्हे. सत्यता पडताळण्यासाठी रोकड व माल प्रत्यक्ष मोजावे लागतात, पावत्या तपासाव्या लागतात आणि देण्या-घेण्याच्या बाक्या धनको-ऋणकोंच्या वह्यांशी ताडून पाहाव्या लागतात.