बँकेत किती महिन्यांचे पैसे आहेत?

ऑफर हातात देताना स्टार्टअपवाले एक आकडा हमखास ऐकवतात: ‘आम्ही २० कोटी उभे केलेत.’ हा आकडा मागचा असतो. पैसे कधी आले, सगळे आले की टप्प्याटप्प्याने यायचेत, त्यातलं कर्ज किती, यातलं काहीच त्यातून कळत नाही. खरा प्रश्न आज शिल्लक किती, हा.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीने हे २० कोटी सव्वा वर्षापूर्वी उभे केले आणि आज बँकेत ७ कोटी आहेत. दरमहा खर्च १ कोटी, ग्राहकांकडून जमा होतात ३५ लाख. म्हणजे महिन्याला ६५ लाख शिलकीतून जातात आणि पैसे पावणेअकरा महिने पुरतात. याला ‘रनवे’ म्हणतात. पण कंपनी तुमच्यासकट १५ जण घेते आहे. प्रत्येकी लाखभर धरा, तूट ८० लाखांवर जाते आणि रनवे पावणेनऊ महिन्यांवर येतो. त्या ३५ लाखांतले २० लाख एकाच ग्राहकाचे असतील आणि तो गेला, तर उरतात ७ महिने. नवे गुंतवणूकदार मिळवायलाच सहाएक महिने सहज जातात. म्हणून ‘रनवे किती?’ एवढ्यावर थांबू नये; नवी भरती धरून किती, आणि सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा किती, हेही विचारावं.

महसुलाच्या आकड्यातही गंमत असते. ॲपवरून १० कोटींचा माल विकला गेला, तरी कंपनीच्या पदरात कमिशनच पडतं. तेव्हा उलाढाल नको, बिलं किती फाडली आणि त्यातले किती वसूल झाले ते विचारा.

हे विचारायची वेळ म्हणजे ऑफर आल्यानंतर, होकार देण्याआधी, आणि शक्यतो थेट संस्थापकाला. एचआरला बहुधा माहीत नसतं. नेमकी रक्कम सांगायला कुणी कचरेल, ते समजण्यासारखं आहे. पण महिनेही सांगता येत नसतील, तर मी तरी दोनदा विचार करेन.

उत्तर पडताळताही येतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला दरवर्षी ताळेबंद कंपनी निबंधकाकडे द्यावाच लागतो आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून तो कुणालाही पाहता येतो. तो वर्षभर जुना असतो, पण वेळेवर दिलाय का, हे त्याहून बोलकं. बायजूजचे मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचे हिशेब सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले, तोटा साडेचार हजार कोटींच्या वर. पुढच्या वर्षाचे हिशेब रखडले म्हणून जून २०२३ मध्ये ऑडिटर डेलॉइटने काम सोडलं. जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

ताजी खबर हवी असेल, तर पीएफ पाहा. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी एवढंच विचारा: गेल्या सहा महिन्यांत पासबुकात पीएफ वेळेवर दिसला का?