लिंकच्या आधी फोन

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे नागपूरची आत्या पुण्याच्या लग्नाला येऊ शकत नाही. सहसा होतं असं, की मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी कुटुंबाच्या ग्रुपवर लिंक पडते आणि आत्याला ती दुपारी दिसते. तिला बोलावणं गेलं नाही, नुसती बातमी गेली.

रीत उलटी हवी. आधी वधू किंवा वराच्या आईवडिलांचा फोन, मग पत्रिका. तिच्यासोबत चिमूटभर अक्षता लहान पुडीत घालून कुरिअरने पाठवाव्यात. लिंक त्यानंतर, आणि तीही ग्रुपवर नको, ज्याची त्याला पाठवावी. यूट्यूबवर प्रक्षेपण आठवडाभर आधीच शेड्यूल करता येतं, त्यामुळे लिंक तेव्हाच हातात येते. दृश्यता Unlisted ठेवावी. मग ते शोधात येत नाही, पण लिंक ज्याच्याकडे आहे त्याला दिसतं. Private ठेवलं तर पाहणाऱ्याला गूगल खात्यातून आत यावं लागतं, आणि आत्याचा पासवर्ड तिच्या नातवालाच माहीत असतो. चॅनेल नवं असेल तर थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला चोवीस तास लागू शकतात. हे लग्नाच्या सकाळी कळून उपयोग नाही.

लिंकसोबत वेळही त्या-त्या गावची लिहावी. डिसेंबरात मुहूर्त सकाळी ११ वाजून ४३ मिनिटांचा असेल, तर न्यू जर्सीच्या काकाकडे रात्रीचा १ वाजून १३ मिनिटं झालेला असतो. गोरज मुहूर्त असेल तर त्याच्याकडे सकाळ असते. पण मुहूर्त काही काकासाठी बदलत नाहीत!

आता खरी अडचण. आत्याला एक मंगलाष्टक म्हणायचं आहे. ते प्रक्षेपणातून जमणार नाही. ते एकतर्फी असतं आणि पडद्यावरचं दृश्य प्रत्यक्षापेक्षा वीस-तीस सेकंदही मागे असू शकतं. हॉलमध्ये अंतरपाट दूर झालेला असतो, तिच्याकडे अजून ‘सावधान’ व्हायचं असतं. त्यापेक्षा तिचं मंगलाष्टक आधी रेकॉर्ड करून घ्यावं आणि गुरुजींना विचारून, त्यांच्या मंगलाष्टकांच्या मध्ये, हॉलच्या स्पीकरवर लावावं. अक्षता मात्र तिने तिच्या पडद्यावर जेव्हा दिसेल तेव्हाच टाकाव्यात. तिथे उशीर कोण मोजतो?

चित्र थोडं धूसर चालतं, आवाज गेला की लोक उठतात. मोबाइलचा माइक वाजंत्री आणि गप्पा पकडतो, मंत्र नाही. साउंडवाल्याला आदल्या दिवशीच सांगून त्याच्या मिक्सरमधून तार घ्यावी. स्पीकरवर सिनेमाची गाणी लावली, तर कॉपीराइटमुळे प्रक्षेपण मध्येच थांबू शकतं. सनई-चौघड्याचं रेकॉर्डिंगही याला अपवाद नाही.

दूरच्या पाहुण्यांसाठी घरातला एक जण नेमावा, पण करवली नको, तिला वेळ नसतो. त्याने कमेंट वाचाव्यात, ‘आवाज येत नाही’ म्हणणाऱ्याला फोन करावा. आणि पंगत बसण्याआधी नवरा-नवरीला बाजूला घेऊन आत्याला व्हिडिओ कॉल लावावा. नमस्कार झाला की ती पहिला प्रश्न विचारेल तो उखाण्याचा, म्हणून नवरीने एक उखाणा तिच्यासाठी राखून ठेवावा.