समारंभाची मांडामांड (भाग ४) : अडीचशेचा हॉल, ऐंशी माणसं

कुठल्याही हॉलवर चौकशीचा फोन करा, पलीकडून दोन आकडे येतात. ‘सीटिंग अडीचशे, फ्लोटिंग चारशे.’ फ्लोटिंगचा अर्थ सरळ आहे : येणारी, भेटणारी, जेवून जाणारी माणसं, सगळी एका वेळी हॉलमध्ये नसतात. घोटाळा होतो तो पहिल्या आकड्यात. ते ‘सीटिंग’ जवळजवळ नेहमी थिएटर मांडणीचं असतं, म्हणजे टेबल नाही, नुसत्या खुर्च्यांच्या रांगा. बरेचदा त्यात स्टेजची जागाही वजा केलेली नसते.

आज एकच हॉल घेऊ आणि त्यातच सगळ्या मांडण्या करून बघू. लांबी ६० फूट, रुंदी ४० फूट. क्षेत्रफळ २,४०० चौरस फूट. माणशी साधारण दहा चौरस फूट धरले की २४० होतात, आणि मॅनेजर वर दहा चढवून अडीचशे सांगतो. आता त्यात खऱ्या खुर्च्या मांडू.

स्टेज अरुंद भिंतीला लावलं, १२ फूट खोल. त्याच्यापुढे हार-तुरे, फोटोग्राफर आणि ये-जा यांसाठी ८ फूट मोकळे. उरले ४० फूट. रांगांमधलं अंतर मोजायचं ते पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून मागच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत, आणि ते तीन फूट हवं. खुर्ची स्वतःच पावणेदोन फूट खाते, म्हणजे गुडघ्यांना आणि मधून जाणाऱ्याला सव्वा फूट मिळतो. अशा ११ रांगा बसतात आणि मागे दाराजवळ सात फूट राहतात. रुंदीत मधली वाट पाच फूट, दोन्ही भिंतींकडे चार-चार फूट. उरलेल्या २७ फुटांत वाटेच्या अलीकडे आठ आणि पलीकडे आठ खुर्च्या. ११ गुणिले १६ म्हणजे १७६.

मग अडीचशे कुठून येतात? अंतर अडीच फुटांवर आणलं की दोन रांगा वाढतात, बाजूच्या वाटा बुजवल्या की रांगेत चार खुर्च्या वाढतात. आकडा गाठला जातो, पण एकजण पाणी प्यायला उठला की अख्खी रांग उभी राहते, आणि गडबड झाली तर बाहेर पडायला एकच वाट उरते. हॉल बघायला जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. मांडलेल्या दोन रांगांमधलं अंतर मोजलं की मॅनेजरचा अडीचशे कोणत्या जातीचा आहे ते लगेच कळतं.

भाषण, पुस्तक प्रकाशन, सत्कार, गाण्याचा कार्यक्रम यांना थिएटर मांडणीच बरी. लोक एकाच दिशेला बघतात आणि दीड-दोन तासांत उठतात. लग्नातही आपल्याकडे हीच मांडणी असते, मात्र तिथे मंगलाष्टकांना पुढची मंडळी उभी राहतात आणि मागची खुर्च्या फिरवून गोल करून गप्पा मारतात, तेव्हा रांगा किती सरळ लावल्या याची फार फिकीर करू नये.

समोरच्याला काही लिहायचं असेल की थिएटर मांडणी कोलमडते. मांडीवर वही, खुर्चीखाली पाण्याची बाटली आणि चहाचा कप हातात, अशा अवस्थेत माणूस अर्धा तास तग धरतो. तिथे क्लासरूम मांडणी लागते : सहा फूट लांब, दीड फूट रुंद टेबलं, सगळी स्टेजकडे तोंड करून. टेबलाच्या पुढच्या कडेपासून मागच्या टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत पाच फूट. आपल्या हॉलमध्ये सात रांगा, रांगेत चार टेबलं, एकूण २८. टेबलाला दोघं बसवले तर ५६ माणसं, तिघं बसवले तर ८४. तिघांत कोपराला कोपर लागतो आणि मधल्याला उठायचं तर कुणाला तरी उठवावं लागतं. दोन तासांच्या सत्राला चालेल, दिवसभराला नाही.

इथे एक गोष्ट आधी विचारून घ्यायची. दीड फुटी टेबलं हॉलवाल्याकडे आहेत का? लग्नाच्या हॉलमध्ये बहुधा बुफेची टेबलं असतात, अडीच फूट रुंद, भोवती फ्रिल लावलेली. ‘क्लासरूम करून देतो’ असं म्हणून तीच मांडतात. मग प्रत्येक रांग सहा फूट खाते, सातच्या सहा रांगा होतात आणि ५६ माणसं ४८ वर येतात. हे तुम्हाला कार्यक्रमाच्या सकाळी कळतं, कारण ठरवताना सगळे ‘टेबल’ एवढंच म्हणतात.

गोल टेबलांचा हिशेब परिघावर चालतो. पाच फूट व्यासाच्या टेबलाचा परीघ साधारण पावणेसोळा फूट. आठजण बसले तर माणशी जवळजवळ दोन फूट. दहाजण बसवले तर दीड फुटाच्या जरा वर, म्हणजे ताट, वाट्या आणि ग्लास शेजाऱ्याच्या हद्दीत. सहा फुटी टेबलावर दहाजण नीट बसतात. तेव्हा ‘टेबलाला दहा’ असं कुणी म्हणालं की टेबल केवढं आहे ते विचारायचं. पाच फुटी टेबलांच्या मध्यबिंदूंमध्ये दहा फूट अंतर लागतं, कारण बसलेल्या माणसासकट टेबल नऊ फुटांचं होतं आणि वाढप्याला उरलेल्या फुटातून अंग चोरून जावं लागतं. आपल्या ४० बाय ४० च्या जागेत चार ओळींत चार-चार, म्हणजे १६ टेबलं, १२८ माणसं. रिसेप्शनला, पुरस्काराच्या जेवणाला उत्तम. भाषणाला वाईट, कारण टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांची पाठ वक्त्याकडे असते.

यू-शेपबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. ती मांडणी रुबाबदार दिसते म्हणून चाळीस माणसांच्या बैठकीलाही मागतात. तीन टेबलं आडवी, दोन्ही हातांना चार-चार उभी, सगळे बाहेरच्या बाजूने बसलेले, असा यू केला तर २२ माणसं बसतात आणि खुर्च्यांसकट जवळपास ७०० चौरस फूट जागा जाते. माणशी तीसच्या वर. माणसं वाढवायची तर यूचे हात लांबवावे लागतात. एकाच हातावर बसलेले एकमेकांना दिसत नाहीत, दिसतात ते समोरच्या हातावरचे. शिवाय पडद्याच्या सगळ्यात जवळ बसलेल्यालाच पडदा सगळ्यात तिरका दिसतो. संचालक मंडळाची बैठक, विश्वस्तांची सभा, वीस-बावीसजणांची चर्चा इथपर्यंत यू. पंचविशीच्या पुढे त्याचा नाद सोडावा.

आता प्रत्यक्ष निवड करू. समजा, गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची एक दिवसाची कार्यशाळा आहे. माणसं ८०. सकाळी दोन तास व्याख्यान, पडद्यावर नमुना अर्ज दाखवणार. दुपारी पाच-पाच जणांच्या गटाने अर्ज भरून बघायचे. हॉल अडीचशेचा, त्यामुळे ‘ऐंशी म्हणजे काहीच नाही’ असं मॅनेजर म्हणतो.

थिएटरमध्ये ८० सहज बसतील, पण दुपारी अर्ज मांडीवर भरावे लागतील. क्लासरूममध्ये तिघं-तिघं कोंबले तरच जमतं आणि गट करायला पुढच्यांना खुर्च्या उलट्या फिरवाव्या लागतात. जेवणाच्या सुट्टीत मांडणी बदलू, असा तोडगा निघतो. तो कागदावरच बरा दिसतो. ऐंशी खुर्च्या हलवणं, सोळा टेबलं उघडणं, कापडं घालणं, पाण्याच्या बाटल्या परत ठेवणं याला चार-पाच मुलांना तासभर तरी लागतो, आणि त्याच तासात तीच मुलं जेवण वाढत असतात.

इथे उपयोगी पडतो क्लस्टर. पाच फुटी गोल टेबल, पण आठऐवजी पाचच खुर्च्या, पडद्याकडची बाजू मोकळी. सकाळी सगळ्यांची तोंडं पडद्याकडे, दुपारी तेच टेबल तोच गट. १६ टेबलं गुणिले पाच, बरोबर ८०.

एक अडचण राहते, पडद्याची. साधा नियम असा की अक्षरं वाचायची असतील तर शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतराच्या आत हवा. हॉलवरचा नेहमीचा पडदा आठ बाय सहा फुटांचा. सहा सक ३६ फूट. आपली लांबट मांडणी ठेवली तर शेवटची टेबलं भिंतीपासून ५५ फुटांवर जातात. तिथल्यांना अर्जाची चौकट दिसेल, चौकटीतलं काही दिसणार नाही. पडदा मोठा करू म्हटलं तर छत आड येतं : पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी मध्ये येतात, आणि बऱ्याच हॉलचं छत दहा-बारा फुटांचंच असतं, त्यात झुंबर लोंबतं ते वेगळंच.

म्हणून हॉल आडवा वापरायचा. पडदा ६० फुटी भिंतीच्या मध्यावर. कार्यशाळेला बारा फुटी स्टेज लागत नाही; वक्ता जमिनीवर किंवा छोट्या डायसवर उभा राहील, त्यासाठी दहा फूट पुरे. उरलेल्या तीस फुटांत तीन ओळी, प्रत्येकीत सहा टेबलं, म्हणजे १८. त्यांतली पुढच्या ओळीतली दोन्ही टोकांची टेबलं काढून टाकायची, कारण तिथून पडदा इतका तिरका दिसतो की अक्षरं चेपतात. राहिली १६. मागच्या ओळीतले लोक आता ३७-३८ फुटांवर आले. फक्त मागच्या दोन कोपऱ्यांतली टेबलं थोडी लांब पडतात, त्यांच्यासाठी अर्जाची छापील प्रत टेबलावर ठेवली की झालं. आडवा हॉल करण्याआधी दारं मात्र बघा. दार पडद्याच्या भिंतीत असेल तर उशिरा येणारा प्रत्येकजण वक्त्याच्या अंगावरून आत येईल, आणि मग समोरची भिंत निवडावी लागेल.

आणि जेवण? बुफे याच हॉलमध्ये लावला तर काउंटर आणि रांग मिळून एका टोकाची आठ फुटांची पट्टी जाते. सहाऐवजी पाच टेबलं एका ओळीत राहतात. तीन ओळींची पंधरा, पुढच्या ओळीच्या टोकांची दोन वजा, १३ टेबलं, ६५ माणसं. अडीचशेच्या हॉलमध्ये ऐंशी माणसं बसत नाहीत, ती अशी. जेवण व्हरांड्यात, गच्चीवर किंवा शेजारच्या हॉलमध्ये हवं, आणि ती जागा त्याच भाड्यात आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आगाऊ रक्कम देण्याआधी मांडणीचं साधं हाताने काढलेलं चित्र हॉलवाल्याला द्या : हॉलची मापं, टेबलांचा व्यास आणि संख्या, टेबलाला किती खुर्च्या, पडदा कोणत्या भिंतीला, बुफे कुठे, मांडणी किती वाजता तयार हवी. त्यावर त्याची सही घ्या आणि पावतीला जोडा. फोनवर ठरलेलं ‘क्लस्टर’ सकाळी आठ वाजता गोल टेबलाभोवती आठ खुर्च्या होऊन उभं असतं, तेव्हा दाखवायला तो कागदच उपयोगी पडतो. पुढच्या आठवड्यात माइक आणि स्पीकर.