मागच्या रांगेतला चेहरा

लग्नसराई सरली की बालाघाट-गोंदिया पट्ट्यातल्या फोटो स्टुडिओत एक काम हमखास येतं. ‘‘सगळ्यांचा मिळून हा एकच फोटो चांगला आलाय, पण आजोबांचे डोळे मिटलेत. त्यांचा दुसरा फोटो देतो, तेवढा चेहरा बसवून द्या.’’ दुसरा फोटो बहुतेक वेळा स्टुडिओत काढलेला असतो आणि त्यात पापणीचा केस न् केस दिसतो. चेहरा कापणं, रंग जुळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. तरीही फोटो छापून आला की आजोबा खटकतात. नवरानवरी फोकसमध्ये, मागचे काका-काकू धूसर आणि त्यांच्या मधोमध एकटे आजोबा लख्ख.

असा फोटो साधारण कसा काढलेला असतो ते पाहू. फुल-फ्रेम कॅमेरा, ८५ मिमीची लेन्स, हॉलमध्ये उजेड कमी म्हणून अ‍ॅपर्चर f/1.8. नवरानवरी कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर आणि फोकस त्यांच्या डोळ्यांवर. या मांडणीत जे स्पष्ट दिसतं त्याची एकूण खोली जेमतेम नऊ सेंटिमीटर असते. म्हणजे नवरीचे डोळे टोकदार आले, तरी तिचे कान किंचित सुटलेले असतात. आजोबा तिच्या मागे अर्ध्या मीटरवर उभे आहेत. तिथला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर बिंदू राहत नाही, त्याची चकती होते. चकतीचा व्यास असा काढता येतो:

```
b = f² / (N × (u − f)) × (D − u) / D
```

f म्हणजे फोकल लेंग्थ, N अ‍ॅपर्चरचा आकडा, u फोकसचं अंतर आणि D आजोबांचं अंतर. सगळी अंतरं मिलिमीटरमध्ये घ्यायची. आपल्या उदाहरणात उत्तर सुमारे ०.२८ मिमी येतं. ३६ मिमी रुंद सेन्सरवर ६००० पिक्सेल असतील, तर ती चकती सुमारे ४६ पिक्सेलची होते. याच फोटोत आजोबांचा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत हजारेक पिक्सेलचा असतो. त्यात ४६ पिक्सेलची चकती म्हणजे पापण्या, दाढीचे खुंट, चष्म्याची बारीक काडी, सगळं विरघळलेलं.

प्रत्यक्षात आकडेमोड करण्याची गरज क्वचितच पडते, कारण उत्तर फोटोतच लिहिलेलं असतं. आजोबांशेजारी उभ्या काकूंच्या नथीचा खडा २०० टक्के मोठा करून पाहा. खड्यावरची चमक गोल चकती झालेली दिसेल. तिचा व्यास मोजला की झालं. फक्त मोजायची चमक आजोबांच्याच अंतरावरची हवी. मागच्या दिव्यांच्या माळेची चकती मोजून काही जण फसतात. ती माळ खूप लांब असते आणि तिची चकती कितीतरी मोठी असते. चकतीऐवजी रेघ दिसली, तर तो फोकसचा मामलाच नाही, हात हललेला आहे. तिथे पुढचं काहीच लागू पडत नाही.

आता चेहरा बसवायचा. आधी त्याचा आकार ठरवा, ब्लर नंतर. ब्लर करून मग चेहरा लहान केला, तर चकतीही लहान होते आणि मोजलेलं वाया जातं.

ब्लर कोणता, याला इथे फार महत्त्व आहे. बरेच जण Gaussian Blur वापरतात, कारण तो हाताशी असतो. पण तो प्रकाश मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असा पसरवतो, तर लेन्स तो जवळजवळ सारखा, गोल काठाच्या चकतीत पसरवते. फरक डोळ्यांतल्या चमकेत कळतो. Gaussian मध्ये ती चमक राखाडी होऊन विझते, खऱ्या फोटोत तिचा उजळ ठिपका उरतो. म्हणून फोटोशॉपमधला Lens Blur बरा. त्यात Radius मोजलेल्या व्यासाच्या निम्म्यापासून, म्हणजे २३ च्या आसपास सुरू करा आणि मग नथीच्या चकतीशी ताडून कमीजास्त करा. आकड्यापेक्षा शेजारच्या नथीवर विश्वास ठेवावा.

फोकस चेहऱ्यावर हळूहळू सुटत जातो, तेव्हा नाकाला कमी आणि कानाला जास्त ब्लर द्यायला हवा ना? इथे भूमिती आपल्या मदतीला येते. आजोबांच्या डोळ्यांपाशी चकती ४६ पिक्सेलची, तर दहा सेंटिमीटर मागे कानापाशी सुमारे ५४ ची. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. सगळ्या चेहऱ्याला एकच ब्लर दिला तरी चालतो. पण तेच आजोबा नवरीच्या खांद्याला खांदा लावून, फोकसच्या फक्त पाच सेंटिमीटर मागे असते, तर डोळ्यांपाशी पाच-सहा पिक्सेल आणि कानापाशी सोळाच्या घरात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. तिथे एकसारखा ब्लर दिलात की चेहरा सपाट पुठ्ठ्याचा दिसतो. अशा वेळी नाकापासून कानाकडे उजळ होत जाणारा राखाडी नकाशा अल्फा चॅनलमध्ये रंगवायचा आणि तो Lens Blur ला Depth Map म्हणून द्यायचा. थोडक्यात, जास्त मेहनत लागते ती फोकसला खेटून असलेल्या चेहऱ्याला.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती काठावर. मूळ फोटोत आजोबांच्या मागे निळा पडदा असेल आणि तुम्ही पडद्यासकट ब्लर केलात, तर निळा रंग केसांत आणि कानांत शिरतो. म्हणून आधी चेहरा नीट कापा, कापाबाहेरच्या जागेत केसांचा नि कातडीचाच रंग पसरवून भरा, मग चित्र आणि मास्क दोन्हींना सारखाच ब्लर द्या. काठ आता अर्धपारदर्शक झाला, त्यामुळे त्याखालचं जुनं, डोळे मिटलेलं डोकं डोकावू लागतं. ते आधीच पुसून तिथे मागचा मांडव भरून ठेवावा लागतो. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: आजोबांची हनुवटी जिथे नवरीच्या खांद्याआड जाते, तिथला काठ नवरीचा आहे. ती फोकसमध्ये, म्हणून तो काठ टोकदारच राहायला हवा.

शेवटी ग्रेन. हॉलमधला फोटो ISO 1600 वगैरेवर काढलेला असतो आणि ते कण सेन्सरवर तयार होतात, लेन्सच्या पुढे नाही. म्हणून खऱ्या फोटोत धूसर काकूंच्या गालावरही कण तितकेच बारीक आणि टोकदार असतात. आपण ब्लर केलेल्या चेहऱ्यावरचे मात्र धुतले जातात आणि चेहरा मेणाचा दिसतो. सगळं झाल्यावर वेगळ्या लेयरवर थोडा नॉइज घाला आणि काकूंच्या गालाशेजारी ठेवून पाहा.

तपासणी व्हॉट्सअ‍ॅपवर करू नका. १६०० पिक्सेलच्या फोटोत ती ४६ ची चकती बाराची होते आणि बऱ्याच चुका झाकल्या जातात. १२ बाय ८ इंचांच्या छापील पानावर तीच चकती दोन मिलिमीटरहून मोठी असते, आणि अल्बम तर मांडीवर घेऊन पाहिला जातो. फोटो मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमधला असेल, तर सूत्र बाजूला ठेवा. तिथला ब्लर लेन्सचा नसतो, फोनने हिशेब करून लावलेला असतो. तिथे शेजाऱ्यांकडे पाहून जुळवणं एवढंच हातात राहतं.

आणि कॅमेरा धरणाऱ्यांना एक विनंती: प्रत्येक ग्रुपचे, पाय न हलवता आणि फोकस न बदलता, चार-पाच फोटो घ्या. त्यांतला उघड्या डोळ्यांचा चेहरा मुळातच योग्य तेवढा धूसर असतो, आणि वरचं बहुतेक काम करावंच लागत नाही.