एकच चालू फाइल

घाऊक औषधविक्रीचं एक कार्यालय डोळ्यांसमोर आणा. महिनाअखेरीला साठ्याची एक्सेल फाइल तिघं भरतात आणि ती सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये असते. खरेदी पाहणाऱ्या ताई सकाळी ती उघडतात. तासाभराने परतीचा माल पाहणारा सहकारी उघडायला जातो, तेव्हा एक्सेल सांगतं की फाइल दुसरीकडे उघडी आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. घाईत तो तिची प्रत डेस्कटॉपवर ठेवतो आणि नोंदी करतो. संध्याकाळी ताई फाइल बंद करून गेल्या की तो आपली प्रत फोल्डरमध्ये टाकतो. याच नावाची फाइल आहे, बदलायची का, असं विंडोज विचारतं. तो होकार देतो आणि ताईंनी दिवसभर केलेल्या नोंदी जातात. चूक झाल्याचं कोणीच सांगत नाही. चार दिवसांनी बेरीज जुळत नाही, तेव्हा शोध सुरू होतो.

यावर उपाय म्हणून टीमला पाठवायचा संदेश छोटाच हवा:

“नमस्कार. साठ्याची फाइल आजपासून फक्त ‘चालू’ फोल्डरमध्ये राहील आणि तिथे एकच असेल. ‘फक्त वाचता येईल’ अशी सूचना आली तर प्रत काढू नका. फाइल ज्यांच्याकडे उघडी आहे त्यांना फोन करा. संध्याकाळी सहा वाजता लेखापाल त्या दिवसाची प्रत ‘जुन्या’ फोल्डरमध्ये ठेवतील आणि चालू फाइलला पुढचा क्रमांक देतील. हे काम दुसऱ्या कोणीही करायचं नाही. नाव असं असेल:”

```
Stock_2025-04-30_v03.xlsx
```

या नावातली प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक आहे. वर्ष आधी लिहिल्याने नावाच्या क्रमाने लावलेल्या फायली तारखेच्या क्रमाने येतात. आपण तारखेत वापरतो ती तिरपी रेघ विंडोज फाइलच्या नावात चालूच देत नाही. 03 मधलं शून्य असलं की कुठल्याही यादीत दहावी आवृत्ती दुसरीच्या आधी येत नाही. ‘फायनल’ हा शब्द मात्र नावात नकोच, कारण त्यानंतरही दुरुस्ती होते आणि मग ‘फायनल नवी’ जन्माला येते.

क्रमांक एकाच व्यक्तीने का द्यायचा? दोघांनी v03 वरून आपापली प्रत काढली तर v04 दोन होतात आणि दोन्ही अपुऱ्या असतात. नुसत्या नावाने हे थांबत नाही. म्हणून ‘जुन्या’ फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी सर्व्हरवरच फक्त लेखापालांना द्यावी.

फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल आणि सगळे ती तिथूनच उघडत असतील, तर अनेकांना एकाच वेळी लिहिता येतं आणि मागच्या आवृत्त्या आपोआप जपल्या जातात. तिथे नावाला रोज क्रमांक जोडू नये. पण साध्या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये बदलली गेलेली फाइल आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. तिथे संध्याकाळची ती प्रत चुकवू नका.