‘निकाली’ निघते तक्रार, कार्ड मात्र येत नाही

“सहा महिने झाले, तहसीलला फेऱ्या मारून चपला झिजल्या, गरिबाला कोणी विचारत नाही, कृपया लवकरात लवकर रेशनकार्ड मिळावे ही नम्र विनंती.” तक्रार निवारण पोर्टलवर रेशनकार्डाबद्दल येणाऱ्या कित्येक तक्रारींचा सूर असा असतो. त्यातला शब्दन्‌शब्द खरा असतो. तरीही पुरवठा शाखेतल्या कारकुनाने ती संगणकावर उघडली की त्याला पुढे काहीच करता येत नाही. कोणता अर्ज, कधी केलेला, नवीन कार्डाचा की नाव वाढवण्याचा, हे त्यात नाही. मग तो त्याला सोयीचे ते करतो. “अर्जदाराने आवश्यक कागदपत्रांसह कार्यालयात संपर्क साधावा” असे उत्तर टाकतो आणि तक्रार निकाली निघते. तक्रारदार पुन्हा त्याच खिडकीसमोर उभा राहतो.

पोर्टल हे न्यायालय नाही आणि वरिष्ठ अधिकारीही नाही. खरे तर ते एक टपालखाते आहे. ‘आपले सरकार’वर तक्रार करा किंवा केंद्राच्या pgportal.gov.in वर करा, शिधापत्रिका देणे राज्याच्या यंत्रणेचे काम असल्याने कागद फिरून शेवटी त्याच तालुक्याच्या, त्याच टेबलावर येतो. मुंबई-ठाण्यात तो शिधावाटप कार्यालयात जातो, पुण्यासारख्या शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयाच्या परिमंडळात, इतरत्र तहसीलच्या पुरवठा शाखेत. टपाल आणि पोर्टल यांत फरक एवढाच की पोर्टलवरून गेलेल्या कागदाला नोंदणी क्रमांक असतो आणि तो किती दिवस पडून आहे हे वरच्या कार्यालयालाही दिसते. केंद्राच्या पोर्टलसाठी ही मुदत पूर्वी 30 दिवसांची होती, ऑगस्ट 2024 पासून ती 21 दिवसांवर आणली. मुदत कमी झाल्याचा एक उलटा परिणाम असा की प्रश्न सोडवण्यापेक्षा तक्रार बंद करण्याची घाई वाढते. म्हणून तक्रार अशी लिहावी लागते की ती नुसती पुढे ढकलून बंद करता येऊ नये.

एक उदाहरण घेऊ. तारखा नमुन्यादाखल आहेत, पण प्रकार अगदी नेहमीचा. लग्न होऊन तीन वर्षे झालेले जोडपे, एक मूल. सासऱ्यांच्या कार्डातून नवऱ्याचे नाव कमी केले, त्याचा दाखला घेतला आणि विभक्त कुटुंबासाठी नव्या केशरी कार्डाचा अर्ज 3 फेब्रुवारी 2025 ला ऑनलाइन भरला. पावती मिळाली. तिच्यावर अर्ज क्रमांक होता आणि सेवा देण्याची तारीख होती 5 मार्च. ती तारीख गेली. 10 मार्चला चौकशी केली तेव्हा खिडकीवरून उत्तर आले, “साहेबांच्या लॉगिनला आहे.” एप्रिलमध्ये उत्तर बदलले, “सर्व्हर स्लो आहे, पुढच्या आठवड्यात या.”

अशा वेळी पहिले काम तक्रार लिहिण्याचे नाही. पहिले काम साध्या कागदावर स्मरणपत्र देऊन आवक शाखेत त्याची पोच घेण्याचे. तोंडी फेऱ्यांची नोंद कुठेच होत नाही, आवक क्रमांकाची होते. आमच्या उदाहरणातल्या बाईंनी 9 एप्रिलला तसे पत्र दिले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला, आणि 21 एप्रिलला पोर्टलवर लिहिले ते साधारण असे:

“विषय : नवीन शिधापत्रिकेच्या अर्जावर मुदतीत निर्णय न झाल्याबाबत. मी दि. 3 फेब्रुवारी 2025 रोजी विभक्त कुटुंबासाठी नवीन केशरी शिधापत्रिकेचा ऑनलाइन अर्ज केला आहे. अर्ज क्रमांक व पावती सोबत जोडली आहे. पावतीनुसार दि. 5 मार्च 2025 पर्यंत निर्णय अपेक्षित होता. दि. 9 एप्रिल 2025 रोजी पुरवठा शाखेस लेखी स्मरणपत्र दिले असून त्याचा आवक क्रमांक सोबतच्या प्रतीवर आहे. आजपर्यंत मला त्रुटी कळविलेली नाही, मंजुरी कळविलेली नाही, किंवा नामंजुरीचा आदेशही दिलेला नाही. तरी माझा अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे व कोणत्या दिनांकापासून प्रलंबित आहे ते कळवावे आणि अर्जावर मंजुरीचा किंवा कारणासह नामंजुरीचा लेखी निर्णय द्यावा.”

बस्स, एवढेच. चपला झिजल्याचा उल्लेख नाही, लाच मागितल्याचा मोघम आरोप नाही. (खरोखर लाच मागितली असेल तर ती तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे वेगळी करायची. इथे ती मिसळली की दोन्ही बुडतात.) या मजकुरातले सगळ्यात कामाचे वाक्य म्हणजे “त्रुटी कळविलेली नाही, मंजुरी कळविलेली नाही, नामंजुरीही नाही”. अर्जाचे कायदेशीर शेवट एवढेच असतात. तिन्ही झालेले नाहीत असे लिहिले की कार्यालयाला त्यांपैकी एक तरी करावेच लागते. आणि मागणी “न्याय मिळावा” अशी नाही, ती दोन ओळींत उत्तर देता येईल अशी आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर नाव आणि तारीख असते, त्याला “कार्यवाही सुरू आहे” हे उत्तर शोभत नाही.

आधारचा पूर्ण क्रमांक मात्र तक्रारीत लिहू नये. ती किती जणांच्या लॉगिनमधून जाईल सांगता येत नाही, आणि अर्ज शोधायला अर्ज क्रमांक पुरतो. अर्ज ज्यांच्या नावे आहे त्यांच्याच नावे तक्रार करावी, हेही पाळायला हवे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरातली 18 वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते. अर्ज बायकोच्या नावाने आणि तक्रार नवऱ्याच्या, असे झाले की “तक्रारदाराच्या नावे अर्ज आढळून येत नाही” असे उत्तर येते. तेही खोटे नसते!

आमच्या उदाहरणात 8 मे रोजी उत्तर आले : अर्जदार महिलेचा आधार क्रमांक दुसऱ्या तालुक्यातल्या एका शिधापत्रिकेत आधीच नोंदलेला असल्याने प्रणाली नवीन कार्ड स्वीकारत नाही. ते कार्ड माहेरचे. लग्नानंतर तिथले नाव कमी करायचे राहून गेले होते. नवी कार्डे अडण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक आहे. एक आधार क्रमांक राज्यातल्या एकाच कार्डावर चालतो. जुन्या हस्तलिखित कार्डांच्या काळात दोन्हीकडे नाव असले तरी कुणाला पत्ता लागत नसे, आता संगणक लगेच अडवतो. माहेरच्या तालुक्यात नाव कमी करून दाखला आणला की अर्ज पुढे सरकतो. खिडकीवर कुणी हे दहा सेकंदांत सांगू शकले असते. तीन महिने ते कुणी सांगितले नाही, हीच खरी तक्रार होती, आणि तारखांमुळेच ती सिद्ध करता आली.

आता उत्तरच “संबंधित कार्यालयास कळविण्यात आले आहे” असे आले तर? केंद्राच्या पोर्टलवर अभिप्राय देताना असमाधान नोंदवून 30 दिवसांत अपील करता येते. ते जरूर करावे. पण खरा दणका पोर्टलच्या बाहेर आहे, आणि लोक नेमके तेच विसरतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे किंवा कारण लिहून नाकारणे पदनिर्देशित अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मुदत संपली की पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग अशी वाट आहे. पुरेसे कारण नसताना सेवा अडवली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते. पोर्टलवरच्या तक्रारीने कुणाला दंड होत नाही. अपिलाने होऊ शकतो. दोन्हींत एवढा फरक आहे.

पण अपिलालाही मुदत असते. सेवेची मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील करायचे. उशिराचे सबळ कारण असेल तर अधिकारी ते 90 दिवसांपर्यंत दाखल करून घेऊ शकतो, त्यापुढे नाही. आमच्या उदाहरणात मुदत संपली 5 मार्चला, म्हणजे पहिले 30 दिवस 4 एप्रिललाच संपले होते आणि 3 जूननंतर दार पूर्ण बंद होणार होते. पोर्टलवर तक्रार केली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. पोर्टलच्या उत्तराची, मग त्याच्या अपिलाची वाट पाहता पाहता लोक हा हक्क घालवून बसतात. अपील ऐकणारा अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या सेवा हक्काच्या फलकावर लिहिलेले असते. फलक कपाटामागे असेल तर कपाट सरकवायला सांगावे.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे कार्ड हातात पडल्यावरही माणूस चिडतो. कार्ड मिळणे आणि धान्य सुरू होणे ही दोन वेगळी कामे आहेत. केशरी कार्ड निघाले, त्याचा बारा अंकी क्रमांक आला, तरी रास्त भाव दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर धान्य शून्य दिसू शकते. धान्य मिळते ते अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना. प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44 हजार, शहरात 59 हजार रुपये आहे, आणि ती पाळणाऱ्यालाही तालुक्याच्या इष्टांकात जागा लागते. 2011 च्या जनगणनेवरून राज्यातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के लोकांना या योजनेत जागा मिळाली. राज्याचा इष्टांक ठरला साधारण 7 कोटी. लोकसंख्या वाढली, इष्टांक तिथेच आहे. त्यामुळे मयत, स्थलांतरित, दुबार नावे कमी होतील तेव्हाच नव्याला जागा होते.

म्हणून नुसते “रेशन मिळत नाही” असे लिहिले तर कार्यालय “शिधापत्रिका वितरित करण्यात आली आहे” म्हणून तक्रार बंद करू शकते, आणि कागदावर ते बरोबरही असते. धान्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी पोच आणि गरज पडली तर वेगळी तक्रार करावी. त्या तक्रारीत प्राधान्य यादीत समावेशासाठी अर्ज केल्याची तारीख, उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक आणि “तालुक्यात आज किती इष्टांक शिल्लक आहे” हा प्रश्न असावा.

ज्यांना ऑनलाइन लिहिणे जमत नाही, त्यांच्यासाठी 1967 आणि 1800-22-4950 हे विनाशुल्क क्रमांक आहेत. फोनवरही नोंदणी क्रमांक मागून घ्या. आणि तो ज्या कागदावर लिहाल, त्याच कागदावर पावतीवरची मुदत संपल्याची तारीख आणि त्यापुढचा तिसावा दिवस लिहून ठेवा. पोर्टलचे उत्तर आले नाही, तरी त्या दिवसाच्या आत अपील कार्यालयात पोचले पाहिजे.